हजारात दहा क्लिक जास्त मिळाले, तरी दुसरं थंबनेल ठेवलं

व्हिडिओ ११ मिनिटांचा होता. बऱ्याच वर्षांच्या एका लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवायची आणि आधी-नंतर काय फरक पडतो ते मोजून दाखवायचं, एवढाच विषय. चॅनेल दोघांचं: तो चित्रीकरण आणि दुरुस्ती बघतो, ती संपादन आणि थंबनेल. चार थंबनेलं तयार होती आणि प्रश्न सरळ होता. सगळ्यात जास्त क्लिक कोणतं आणेल, आणि त्यातलं कोणतं व्हिडिओत जे आहे तेच सांगतं?

हे चॅनेल आणि त्याचे आकडे मी हिशेब उलगडून दाखवण्यासाठी मांडले आहेत. मोजण्याच्या पद्धती आणि यूट्यूबचे नियम मात्र खरे आहेत.

पहिल्या थंबनेलमध्ये उघडा लॅपटॉप आणि हातात धरलेली नवी डिस्क होती. त्याला डिस्कचं थंबनेल म्हणू. दुसऱ्यात एकाच लॅपटॉपची दोन चित्रं शेजारी होती, एकावर १:४० आणि दुसऱ्यावर ०:२२ अशा वेळा. हे घड्याळांचं. तिसऱ्यात डोळे विस्फारलेला चेहरा, स्क्रीनकडे जाणारा लाल बाण आणि मोठ्या अक्षरांत ‘५ सेकंद!’. चौथ्यात जुना लॅपटॉप आणि त्यावर ठळक शब्द: ‘नवा घेऊ नका’.

चाचणीआधीची चाळणी

बरेच जण इथे थेट चाचणी लावतात आणि आकडे काय म्हणतात ते बघू, असं ठरवतात. माझा याला ठाम विरोध आहे. चाचणी फक्त लोकांनी काय केलं ते मोजते. चित्र खरं बोलतंय का, हे तिला कळायचा मार्गच नाही. फसवं थंबनेल चाचणीत घातलं आणि ते जिंकलं, तर ‘आकडेच म्हणतायत’ असं म्हणून ते ठेवण्याचा मोह होतोच. म्हणून प्रामाणिकपणाला गुण देऊन क्लिकच्या गुणांत मिळवायचं नाही. आधी चाळणी लावायची. तिच्यातून जे उतरेल तेवढ्याचीच आपसात स्पर्धा.

चाळणी त्यांनी अशी लावली. व्हिडिओ न पाहिलेल्या पाच जणांना प्रत्येक थंबनेल फोनवर, यादीत दिसतं तेवढ्याच आकारात, शीर्षकासह दोन-तीन सेकंद दाखवलं. मग फोन बाजूला ठेवून एकच गोष्ट विचारली: यात काय बघायला मिळेल असं वाटतं, ते एका वाक्यात लिही. आवडलं का, क्लिक करशील का, हे मुद्दाम विचारलं नाही. त्या प्रश्नांना लोक समोरच्याचं मन राखून उत्तर देतात. पाच जणांच्या उत्तरांतून टक्केवारी काढायचीच नव्हती. चित्रातून कोणकोणते अर्थ निघू शकतात एवढंच बघायचं होतं, आणि त्याला पाच जण पुरतात.

नंतर तिने प्रत्येक वाक्यापुढे व्हिडिओतली वेळ लिहिली. ज्याची अपेक्षा वाटली ते व्हिडिओत नेमकं कोणत्या मिनिटाला येतं? येतच नसेल तर जागा कोरी. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत उपयोगी वाटलेला कागद हाच.

‘५ सेकंद!’च्या थंबनेलवर पाचही जणांनी थोड्याफार फरकाने तेच लिहिलं: लॅपटॉप पाच सेकंदांत सुरू होतो. व्हिडिओत आठव्या मिनिटाला पाच सेकंद खरोखर दिसतात. पण तो लॅपटॉप बंद अवस्थेतून सुरू होत नाही, झोपवलेल्या अवस्थेतून जागा होतो. झोपवलेला लॅपटॉप आपलं काम रॅममध्ये धरून ठेवतो, त्यामुळे जागं होण्याच्या वेळेत डिस्कचा वाटा थोडा असतो. म्हणजे आकडा खरा, चित्रही व्हिडिओतलंच, आणि तरी पाचही वाचकांच्या मनात उमटलेला अर्थ खोटा. प्रामाणिकपणाची परीक्षा ‘हे व्हिडिओत आहे का’ एवढ्यावर थांबवली असती तर हे थंबनेल बिनबोभाट पास झालं असतं. बघणाऱ्याला काय समजलं आणि ते खरं आहे का, हे विचारल्यावरच ते अडकलं.

त्या चेहऱ्यात किंवा बाणात मला काही वावगं दिसत नाही, हे इथे सांगायला हवं. चेहऱ्यावरचं आश्चर्य हा काही दावा नाही. बाण जिकडे बोट दाखवतो तिथे खरंच काही असेल तर तोही ठीकच. अडचण त्या आकड्याची होती. तो काढल्यावर थंबनेलमध्ये सांगण्यासारखं काही उरत नव्हतं, म्हणून ते बाद झालं.

‘नवा घेऊ नका’ची गोष्ट वेगळी. नवव्या मिनिटाला तो स्वतःच सांगतो की काही लॅपटॉपमध्ये हा बदल करून उपयोग नाही: साठवणुकीची चिप मदरबोर्डलाच जोडलेली असेल, किंवा रॅम फार कमी असून वाढवता येत नसेल, तर नवा घेणंच बरं. म्हणजे थंबनेल सरसकट आदेश देतं आणि व्हिडिओ अटी सांगतो. तिने शब्द बदलून ‘नवा घेण्याआधी हे बघा’ केले. आता चित्र आणि व्हिडिओ एकमेकांना खोडत नव्हते. तरी पुन्हा विचारल्यावर पाचपैकी दोघांनी लिहिलं, ‘नवीन लॅपटॉप कोणता घ्यावा ते सांगतील’. तिघांचं वाक्य बरोबर होतं. बहुतेकांना नीट समजतंय म्हणून त्यांनी ते चाचणीत ठेवलं, पण ती दोन वाक्यं बाजूला लिहून ठेवली. पुढे ती कामाला आली.

घड्याळांच्या थंबनेलवर पाचही उत्तरं जवळपास सारखी होती: आधी किती वेळ लागायचा आणि नंतर किती. पण आकडे असलेल्या थंबनेलला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. हे आकडे निवडले कसे? जुन्या डिस्कवर त्याने पाच वेळा मोजलं होतं, ९२ ते १०८ सेकंदांच्या दरम्यान. नव्यावर २१ ते २४. जुन्याची सर्वांत वाईट वेळ आणि नव्याची सर्वांत चांगली वेळ शेजारी ठेवली असती तर एकही आकडा खोटा नसता, तुलना मात्र वाकडी झाली असती. त्याने दोन्हीकडची मधली वेळ घेतली: १०० सेकंद आणि २२ सेकंद. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. नव्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली असती तर वेग वाढण्याचं बरंचसं श्रेय त्या स्वच्छ सुरुवातीला गेलं असतं आणि थंबनेलने ते डिस्कच्या नावावर मांडलं असतं. इथे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून ती नव्यावर टाकली होती, म्हणजे आतला पसारा दोन्हीकडे तोच. त्यामुळे ही तुलना उभी राहते.

एक बारीक पण पक्की चूक मात्र निघाली. ०:२२ हा आकडा चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात होता. यूट्यूब तिथेच व्हिडिओची लांबी छापतं. आकडा अर्धा झाकला जात होता, आणि जो भाग दिसत होता तो व्हिडिओच २२ सेकंदांचा असल्यासारखा वाचला जात होता. दोन्ही वेळा वरच्या कडेला नेल्या. थंबनेल १२८० × ७२० पिक्सेलमध्ये बनतं आणि बनवताना मोठ्या पडद्यावर सगळं सुरेख दिसतं. फोनवर ते अंगठ्याएवढं होतं, आणि अशा गोष्टी तिथेच उघड्या पडतात.

कागदावरून आणखी एक काम निघालं. घड्याळांचं वचन व्हिडिओत पुरं होत होतं ते ८ मिनिटं ४० सेकंदांना, आणि सुरुवातीची ४० सेकंदं स्वागत आणि चॅनेलची ओळख यांतच जात होती. थंबनेल खरं असलं तरी ज्याने त्या तुलनेसाठी क्लिक केलं त्याला अर्ध्या मिनिटात तिचा मागमूसही दिसत नव्हता. तिने लॅपटॉप आधी आणि नंतर सुरू होतानाची दोन्ही दृश्यं शेजारी दाखवणारा तुकडा पहिल्या १२ सेकंदांत आणला आणि सविस्तर मोजमाप होतं तिथेच ठेवलं. हे प्रसिद्ध करण्याआधीच करावं लागतं. एकदा टाकलेल्या व्हिडिओची फाइल त्याच पत्त्यावर बदलता येत नाही, फार तर मधला भाग कापता येतो.

यूट्यूबची स्वतःची चाचणी काय सांगते

आता तीन थंबनेलं उरली होती: डिस्कचं, घड्याळांचं आणि ‘नवा घेण्याआधी’. यूट्यूब स्टुडिओत थंबनेलांची तुलना करण्याची सोय आहे आणि तिच्यात जास्तीत जास्त तीनच घालता येतात. ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना एकाच काळात वेगवेगळं थंबनेल दाखवते आणि निकाल यायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो.

‘एकाच काळात’ हे शब्द इथे कळीचे आहेत. सोमवारी एक थंबनेल लावलं, गुरुवारी दुसरं, आणि क्लिकचं प्रमाण पडलं म्हणून दुसरं वाईट ठरवलं, असं अनेक चॅनेलं करतात. पण व्हिडिओ नवा असताना तो आधी नेहमीच्या प्रेक्षकांना दिसतो. ते चॅनेल ओळखतात, चित्र कसंही असलं तरी क्लिक करतात. पुढे तो अनोळखी लोकांच्या होम पानावर जातो आणि प्रमाण आपोआप उतरतं. व्हिडिओ जितका जास्त पसरतो तितकं हे उतरणं जास्त. म्हणजे व्हिडिओ चांगला चालला म्हणून घसरलेलं प्रमाण बिचाऱ्या दुसऱ्या थंबनेलच्या माथी मारलं जातं.

यूट्यूबची सोय हा घोळ टाळते. पण निकाल देते तो क्लिकचा नाही. एकूण पाहिल्या गेलेल्या वेळेतला प्रत्येक थंबनेलचा वाटा ती सांगते. या निवडीमागे जुना अनुभव आहे. २०१२ मध्ये यूट्यूबने व्हिडिओ सुचवताना नुसत्या व्ह्यूंऐवजी पाहिल्या गेलेल्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी यूट्यूबच्या शिफारस पद्धतीवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात कारण स्पष्टच आहे: क्लिकच्या प्रमाणावरून क्रम लावला तर लोक पूर्ण न पाहणारे फसवे व्हिडिओ वर येतात.

या प्रकरणात वाटे असे आले: डिस्कचं २५ टक्के, घड्याळांचं ३८, ‘नवा घेण्याआधी’ ३७. डिस्कचं थंबनेल मागे पडलं. उरलेल्या दोघांत स्पष्ट विजेता निघाला नाही.

पुष्कळ जण इथे ‘दोन्ही सारखीच’ म्हणून कोणतंही एक ठेवतात. पण पाहिल्या गेलेल्या वेळेचा वाटा हा गुणाकार आहे: किती जणांनी क्लिक केलं, गुणिले प्रत्येकाने सरासरी किती वेळ पाहिलं. कमी लोक जास्त वेळ थांबले तरी तोच आकडा येतो, आणि जास्त लोक येऊन लवकर निघून गेले तरी तोच. बरोबरीच्या आत कोणती गोष्ट लपली आहे ते त्या आकड्यातून दिसत नाही. दुसरं असं की, जास्त वेळ पाहिलं म्हणजे थंबनेल प्रामाणिक होतं असंही नाही. ‘५ सेकंद!’चा प्रेक्षक ते पाच सेकंद कधी येतात याची वाट बघत आठ मिनिटं बसला असता, तर त्याचा खोळंबाही या हिशेबात जमेच्या बाजूला गेला असता.

दोघांना वेगळं कसं केलं

क्लिक आणि थांबणं सुटं करून बघण्यासाठी त्यांनी हाताने अदलाबदल केली. सुरुवातीचा जोर ओसरून व्हिडिओ रोज साधारण सारखा दिसू लागेपर्यंत थांबले. मग दोन आठवडे एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरं, असा क्रम लावला. चौदा दिवस घेण्यामागे कारण होतं. एकाआड एक बदललं की पहिल्या आठवड्यातल्या सोमवारी जे असतं त्याच्या जागी दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी दुसरं येतं. प्रत्येक वाराला दोघांनाही एकेक संधी मिळते आणि सुट्टीच्या दिवसाचा फायदा एकालाच होत नाही.

यातली एक खाच फार जणांना माहीत नसते. यूट्यूबच्या आकडेवारीतला दिवस तुमच्या घड्याळाप्रमाणे बदलत नाही. तो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री बदलतो. तुम्ही सकाळी उठून थंबनेल बदललंत तर अहवालातल्या एकाच दिवसात दोन्ही थंबनेलांचे आकडे मिसळतात आणि दोघांतला फरक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्यांनी बदलण्याची वेळ त्या मध्यरात्रीशी जुळवली. नवं चित्र सगळीकडे पोहोचायला थोडा वेळ लागतो, तेवढी भेसळ उरतेच.

मोजलं काय, हेही नीट समजून घ्यायला हवं. थंबनेलचा निदान अर्धा भाग एका सेकंदाहून जास्त काळ पडद्यावर दिसला तरच यूट्यूब ते इंप्रेशन म्हणून धरतं. दुसऱ्या संकेतस्थळावर किंवा संदेशात दिसलेलं थंबनेल त्यात येत नाही. म्हणून सरासरी पाहिलेली वेळसुद्धा त्यांनी सगळ्या व्ह्यूंची घेतली नाही. इंप्रेशनमधून आलेल्या व्ह्यूंची यूट्यूब वेगळी दाखवतं ती घेतली. कुणी पाठवलेल्या दुव्यावरून आलेल्या माणसाने थंबनेलकडे पाहून निर्णय घेतलेला नसतो, त्याला या हिशेबात जागा नाही.

दोन आठवड्यांनी घड्याळांच्या नावावर २१,००० इंप्रेशन आणि १,२१८ क्लिक होते, म्हणजे ५.८ टक्के. ‘नवा घेण्याआधी’ला २०,४०० इंप्रेशन आणि १,३८७ क्लिक, म्हणजे ६.८ टक्के. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेल-व्हिडिओंचं प्रमाण २ ते १० टक्क्यांत असतं, तेव्हा दोन्ही आकडे सर्वसामान्यच.

एक टक्क्याचा हा फरक योगायोगाने पडला असेल का? याला पाठ करावं लागेल असं गणित नाही. दोन्हींचं मिळून प्रमाण ६.३ टक्के. ते आणि त्याचा उरलेला भाग यांचा गुणाकार करायचा, प्रत्येकाच्या इंप्रेशनने भागायचं, दोन्ही उत्तरं मिळवून वर्गमूळ काढायचं:

```
√(0.063 × 0.937 × (1/21000 + 1/20400)) ≈ 0.0024
```

म्हणजे नुसत्या नशिबाने साधारण पाव टक्क्याची हालचाल अपेक्षित आहे. मिळालेला फरक त्याच्या चौपट आहे. दुप्पटीच्या आत असता तर मी गप्प बसलो असतो. तरी हे सूत्र प्रत्येक इंप्रेशन स्वतंत्र मानतं, आणि प्रत्यक्षात एकेका दिवसाची स्वतःची लहर असते. म्हणून मला दुसरी, साधी तपासणी जास्त आवडते. वार जुळवून जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीत कोण पुढे ते बघायचं. सातपैकी सहा जोड्यांत ‘नवा घेण्याआधी’ पुढे होतं. फरक एखाद्या विचित्र दिवसामुळे पडलेला नव्हता.

तर मूळ प्रश्नाच्या अर्ध्या भागाचं उत्तर मिळालं. सर्वांत जास्त क्लिक ‘नवा घेण्याआधी’लाच.

वरचे दहा जण कुठे गेले

आता थांबण्याची बाजू. घड्याळांवरून आलेल्यांनी सरासरी ४ मिनिटं ५ सेकंद पाहिलं, ‘नवा घेण्याआधी’वरून आलेल्यांनी ३ मिनिटं २५ सेकंद. १०० इंप्रेशनमागे पाहिलेला वेळ काढला तर पहिल्याची सुमारे २३.७ मिनिटं, दुसऱ्याची २३.२. यूट्यूबच्या चाचणीत बरोबरी का झाली ते इथे उलगडतं.

पण सरासरीपेक्षा जास्त बोलतात ती पहिली ३० सेकंदं. थंबनेलने काय वाटायला लावलं आणि समोर काय आलं, याचा निकाल प्रेक्षक तिथेच लावतो. नंतर लोक गेले तर विषय लांबला, आवाज बरा नव्हता, कुणाचा फोन वाजला, अशी पन्नास कारणं असतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात व्हिडिओ तोच, सुरुवात तीच, फक्त आत येण्याचं कारण वेगळं. त्यामुळे दोन थंबनेलांत तिथे जो फरक दिसतो तो बहुतांशी वचनाचा असतो. त्यांनी रोजचा आलेख उघडून ३० सेकंदांना किती टक्के उरले ते लिहून ठेवलं होतं आणि त्या दिवसाच्या क्लिकच्या प्रमाणात त्यांची सरासरी काढली. घड्याळांची ७१ टक्के आली, ‘नवा घेण्याआधी’ची ५८.

टक्क्यांचे टक्के काढले की डोकं गोंधळतं. त्यापेक्षा हजार जणांना थंबनेल दिसलं असं धरून माणसं मोजावी. घड्याळांचं थंबनेल हजारांना दिसलं तर ५८ आत येतात, १७ अर्ध्या मिनिटात निघून जातात, ४१ थांबतात. ‘नवा घेण्याआधी’ हजारांना दिसलं तर ६८ आत येतात, २९ निघून जातात, ३९ थांबतात.

४१ आणि ३९ मधला फरक या संख्येत योगायोगाने पडू शकतो, तेव्हा घड्याळांनी जास्त लोक थांबवले असा दावा करता येणार नाही. थांबणारे सारखेच. पण १७ आणि २९ मधला फरक योगायोगाच्या कितीतरी पलीकडचा आहे. म्हणजे ‘नवा घेण्याआधी’ने हजारामागे जे दहा क्लिक जास्त आणले, त्यांतून थांबणारा एकही माणूस वाढला नाही. वाढले ते फक्त आत डोकावून परत जाणारे.

ते का परतले याचा अंदाज त्या कागदावर आधीच होता. पाचपैकी दोघांनी ‘नवीन लॅपटॉप कोणता घ्यावा ते सांगतील’ असं लिहिलं होतं. थंबनेलमधला एकही शब्द खोटा नव्हता, पण ‘नवा घेण्याआधी’ हे शब्द खरेदीच्या विचारात असलेल्याला हाक मारत होते आणि आत त्याच्यासाठी यादी नव्हती, पेचकस होता. व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया तारखेनुसार लावल्यावर हेच दिसलं. कोणता लॅपटॉप घेऊ, असे प्रश्न या थंबनेलच्या दिवशी जास्त आले होते. प्रतिक्रिया थोड्याच होत्या, एकट्या त्यांच्यावर मी काही ठरवलं नसतं. आलेख, कागद आणि प्रतिक्रिया तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते म्हणून विश्वास बसला.

निर्णय आणि त्याच्या मर्यादा

त्याचा कल ‘नवा घेण्याआधी’कडे होता. पाहिलेला वेळ सारखा, थांबणारे सारखे, मग जास्त क्लिकवालं का सोडायचं? हा युक्तिवाद फालतू नाही. यूट्यूबच्या नियमांतही ते बसत होतं. तिथे मनाई आहे ती व्हिडिओत नसलेली गोष्ट आहे असं भासवणाऱ्या शीर्षक-थंबनेलला, आणि हे त्या थराला गेलेलं नव्हतं.

तिला घड्याळांचं हवं होतं, आणि माझं मत तिच्या बाजूने होतं. जिथे फायदा शून्य आणि हजारामागे १२ जास्त माणसं निराश होऊन जातात, तिथे कमी फसगत करणारं थंबनेल निवडायला धैर्यसुद्धा लागत नाही, हिशेबच तसा आहे. खरी कसोटी लागली असती ती आकडे थोडे वेगळे आले असते तर. समजा ‘नवा घेण्याआधी’ने हजारामागे ३९ ऐवजी ५० माणसं थांबवली असती आणि तरीही २९ जणांना परत पाठवलं असतं. तेव्हा निवड सोपी राहिली नसती. मग मी थंबनेल बदलण्याआधी व्हिडिओ बदलता येतो का ते बघितलं असतं, म्हणजे कोणत्या लॅपटॉपला हा बदल चालतो आणि कुणी नवा घ्यावा हा नवव्या मिनिटाचा भाग पुढे आणता येतो का. प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओत ते शक्य नाही. पुढच्या व्हिडिओत आहे.

घड्याळांचं थंबनेल कायम झालं. पुढच्या महिन्यात त्याचं प्रमाण ५.८ वरून ४.९ टक्क्यांवर आलं आणि त्याने पुन्हा थंबनेल बदलायचा विषय काढला. तिने आधी इंप्रेशन कुठून आले ते उघडून बघितलं. शोधातून आलेल्यांचं प्रमाण जिथल्या तिथे होतं. वाढलेली सगळी इंप्रेशन होम पानावरची, चॅनेल कधी न पाहिलेल्या लोकांची होती, आणि एकूण क्लिक आधीपेक्षा जास्त होते. ३० सेकंदांना थांबणारे ७० टक्के होते, जवळपास पूर्वीइतकेच. थंबनेल तसंच ठेवलं.

घड्याळांच्या चित्राने ‘नवा घेण्याआधी’ला मागे टाकलं याचा अर्थ सगळीकडे आकडे लावावेत असा होत नाही. या व्हिडिओचा गाभा एक मोजमाप होता, म्हणून मोजमाप दाखवणारं चित्र त्याच्याशी जुळलं. त्यांचा पुढचा व्हिडिओ लॅपटॉप निवडण्यावर आहे. तिथे ‘नवा घेण्याआधी’ हेच शब्द पुन्हा चाळणीत ठेवले आहेत, आणि या वेळी पाचही जणांच्या वाक्यापुढे व्हिडिओतली वेळ लिहिता आली आहे.